उद्याच्या डॉलरचा आज ठरलेला भाव

निर्यातदाराच्या चोपडीत एकाच मालाचे दोन भाव असतात. एक परदेशी खरेदीदाराशी ठरलेला, डॉलरमधील. आणि दुसरा त्या डॉलरचे रुपये होताना मिळणारा. पहिला भाव करारावर सही होताच पक्का होतो. दुसरा मात्र माल विणून, शिवून, नाव्हा शेवा बंदरातून जहाजावर चढून, परदेशी दुकानात पोहोचून पैसे परत येईपर्यंत मोकळाच राहतो. कापूस, सूत, मजुरी, भाडे हे सारे खर्च रुपयांत झालेले असतात. म्हणून नफा-तोटा अखेर ठरतो तो या दुसऱ्या भावावर.

मराठी व्यापाऱ्यांच्या जुन्या भाषेत या भावाला एक नेमका शब्द होता : हुंडणावळ. एका पेढीवरील पैसा दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या देशी पोहोचविताना जो बट्टा वा वटाव द्यावा-घ्यावा लागे, ती हुंडणावळ. पुढे इंग्रजी अमदानीत रुपया आणि पौंड यांच्या दरासाठीही हाच शब्द रूढ झाला. १९२६ मध्ये हिल्टन यंग आयोगाने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठेवण्याची शिफारस केली, तेव्हा मुंबईचे सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी त्याच आयोगात भिन्नमतपत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्सचा आग्रह धरला. दोन पेन्सांचा हा वाद क्षुल्लक नव्हता. १ शिलिंग ४ पेन्सच्या दराने एका पौंडाचे १५ रुपये होत. १ शिलिंग ६ पेन्सच्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. माल तोच, लंडनमधील किंमत तीच, आणि हातात येणारी रक्कम नवव्या हिश्शाने कमी. १९२७ च्या कायद्याने आयोगाची शिफारस अमलात आली.

स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षे हा दर सरकारी निर्णयानेच बदलत असे. ६ जून १९६६ रोजी एका डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला, तो एका घोषणेने. मार्च १९९३ पासून मात्र दर बाजारात ठरू लागला आणि तेव्हापासून लहानमोठ्या प्रत्येक निर्यातदाराच्या मालाबरोबर डॉलरच्या चढउताराची जोखीमही जहाजावर चढू लागली. या जोखमीला बांध घालण्याचा सर्वांत साधा आणि जुना उपाय म्हणजे पुढे येणाऱ्या डॉलरचा दर बँकेशी आजच ठरवून ठेवणे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत याला हेजिंग म्हणतात, आणि त्यासाठी होणाऱ्या कराराला फॉरवर्ड करार.

खडवलीच्या कारखान्याचा हिशोब

हा करार कसा काम करतो हे एका कल्पित उदाहरणातून पाहता येईल. त्यातील बाजारदर मात्र प्रत्यक्षातील २०१३ सालचे, सोयीसाठी पूर्णांकात घेतलेले आहेत. समजा, कल्याण-कसारा मार्गावरील खडवलीच्या परिसरात चादरी आणि उशांचे अभ्रे शिवून निर्यात करणारा एक लहान कारखाना आहे. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवरून येते, शिलाई येथे होते. मे २०१३ च्या आरंभी त्याला परदेशातून ५०,००० डॉलरची मागणी मिळते. माल तयार करून पाठवायचा, आणि पैसे सप्टेंबर महिन्यात मिळायचे. कापड, शिलाई, बांधणी, वाहतूक, कर्जावरील व्याज असा सर्व मिळून खर्च २५,५०,००० रुपये.

निर्यातदाराने सर्वप्रथम एकच भागाकार करावा. २५,५०,००० रुपयांना ५०,००० डॉलरने भागले, की ५१ रुपये येतात. हा त्याचा ना-नफा-ना-तोटा दर. डॉलर ५१ च्या वर विकला गेला तर नफा, खाली विकला गेला तर घरचे पैसे घालावे लागतील. मे महिन्याच्या त्या दिवसांत डॉलरचा हजर भाव ५४ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे आजच्या दराने दीड लाख रुपयांचा नफा दिसतो. पण डॉलर हातात येणार आहेत चार महिन्यांनी.

निर्यातदार बँकेत जातो आणि सप्टेंबरमध्ये येणारे ५०,००० डॉलर आजच विकून ठेवतो. बँक त्याला दर देते ५५ रुपये. हजर भाव ५४ असताना चार महिन्यांनंतरचा भाव एक रुपयाने अधिक कसा, हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. अनेकांची समजूत अशी, की डॉलर ५५ वर जाईल असा बँकेचा अंदाज असावा. तसे मुळीच नसते. बँक भविष्य वर्तवीत नाही. ती केवळ व्याजाचा हिशोब करते.

निर्यातदाराकडून सप्टेंबरमध्ये डॉलर विकत घेण्याचे वचन बँकेने दिले, की तिच्यावरही जोखीम आली. ती टाळण्यासाठी बँक, हिशोबाच्या दृष्टीने, आजच तितके डॉलर उसने घेते, ते ५४ च्या भावाने विकून रुपये करते आणि ते रुपये व्याजाने लावते. चार महिन्यांनी निर्यातदाराचे डॉलर आले, की त्यांतून डॉलरचे उसने फिटते. या काळात बँकेला रुपयांवर व्याज मिळाले आणि डॉलरवर व्याज द्यावे लागले. भारतात व्याजदर अधिक, अमेरिकेत कमी. म्हणून बँकेच्या हाती काही शिल्लक राहते. त्या काळी हा फरक वर्षाला साधारण ६ टक्के धरला, तर चार महिन्यांचे २ टक्के होतात. ५४ रुपयांवर २ टक्के म्हणजे १ रुपया ८ पैसे. हजर भावात ते मिळविले, की ५५ रुपये ८ पैसे. त्यांतील ८ पैसे बँकेने आपल्या नफ्यासाठी ठेवले आणि ५५ रुपये निर्यातदाराला देऊ केले. हजर भावावर मिळणाऱ्या या वाढीव रकमेला प्रीमियम म्हणतात. दोन देशांच्या व्याजदरांतील अंतर कमी झाले की प्रीमियमही आटतो. अंतर वाढले की तो वाढतो.

आता ५०,००० डॉलरचे २७,५०,००० रुपये नक्की झाले, आणि नफा २,००,००० रुपये. चार महिन्यांत डॉलर कोठेही गेला तरी हा आकडा बदलणार नाही.

मे ते सप्टेंबर

डॉलर खरोखरच कोठल्या कोठे गेला. २२ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी रोखे खरेदी हळूहळू कमी करण्याचे सूतोवाच केले. भारतासारख्या देशांत आलेला परकीय पैसा माघारी जाऊ लागला. भारताची आयात निर्यातीपेक्षा फार मोठी होती, त्यामुळे रुपयाला आधार उरला नाही. १५ जुलैला रिझर्व्ह बँकेने बँकांना दिल्या जाणाऱ्या तातडीच्या कर्जाचा दर १०.२५ टक्क्यांवर नेला. तरीही घसरण थांबली नाही. २८ ऑगस्टला एका डॉलरसाठी ६८ रुपयांहून अधिक मोजावे लागले. तोवरचा तो नीचांक होता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात खडवलीच्या निर्यातदाराचे पैसे आले तेव्हा हजर भाव ६७ च्या आसपास होता. करार केला नसता तर त्याला ३३,५०,००० रुपये मिळाले असते. करारामुळे मिळाले २७,५०,०००. सहा लाखांचा हा फरक पाहून घरात आणि बाजारात त्याला काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना कोणताही व्यापारी करू शकेल. पण चोपडीत पाहिले तर त्याला तोटा झालेला नाही. मे महिन्यात जो दोन लाखांचा नफा त्याने निश्चित केला होता, तो पैसा न पैसा त्याच्या हाती आला. न मिळालेला लाभ आणि झालेला तोटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचा निर्णय हमखास चुकतो.

तो कसा चुकतो हे त्याच वर्षी पुढे दिसते. समजा, सहा लाख गेल्याची हळहळ मनात ठेवून या निर्यातदाराने पुन्हा दर बांधायचा नाही असे ठरविले. सप्टेंबरच्या आरंभी त्याच खरेदीदाराने पुन्हा तितकाच माल मागितला. परंतु परदेशी खरेदीदारही वृत्तपत्रे वाचतो. रुपया इतका घसरल्यावर त्याने भाव पाडून मागितला, आणि ५०,००० डॉलरचा माल ४२,००० डॉलरला ठरला. खर्च किंचित वाढून २६,००,००० झाला. ६७ च्या भावाने ४२,००० डॉलरचे २८,१४,००० रुपये होतात. म्हणजे २,१४,००० रुपयांचा नफा. व्यवहार चांगला वाटला. ना-नफा-ना-तोटा दर मात्र आता ५१ राहिला नव्हता. २६,००,००० ला ४२,००० ने भागता तो ६१ रुपये ९० पैशांवर येतो. ही गोष्ट कोणी पाहिली नाही.

४ सप्टेंबरला रघुराम राजन यांनी रिझर्व्ह बँकेची सूत्रे हाती घेतली, अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवी बँकांनी आणाव्यात यासाठी सवलतीची सोय जाहीर झाली, आणि अमेरिकेनेही रोखे खरेदी कमी करण्याचा निर्णय सप्टेंबरमध्ये पुढे ढकलला. रुपया सावरला. ऑक्टोबरच्या मध्यास डॉलर ६१ च्या आसपास आला होता. त्या दिवशी पैसे आले असते तर ४२,००० डॉलरचे २५,६२,००० रुपये झाले असते, आणि ३८,००० रुपये घरातून घालावे लागले असते. सप्टेंबरमध्येच दर बांधला असता तर ६७ च्या भावाने दोन लाखांहून अधिक नफा राहिला असता.

दोन्ही सौदे एकत्र पाहिले म्हणजे दर बांधण्याचे खरे प्रयोजन कळते. पहिल्या सौद्यात त्याने वरचा लाभ सोडला, दुसऱ्यात खालची खोल दरी टाळता आली असती. यांतील कोणता सौदा कोणत्या वेळी होणार, हे आगाऊ कोणालाच ठाऊक नसते. कापडाच्या व्यापारात मिळणारा नफा कापडातून मिळावा, डॉलरच्या लहरीतून नव्हे, असे ज्याला वाटते तो दर बांधतो.

करार मोडावा लागला तर

या कराराची खरी धोक्याची बाजू वेगळीच आहे, आणि ती पुष्कळांना करार झाल्यावर कळते. फॉरवर्ड करारात निर्यातदाराने बँकेला डॉलर देण्याचे वचन दिलेले असते. खरेदीदाराने पैसे दिले की नाही, माल नाकारला की जहाज उशिरा पोहोचले, याच्याशी बँकेला कर्तव्य नसते. ठरल्या मुदतीत डॉलर आले पाहिजेत. न आल्यास करार रद्द होतो आणि बाजारातील त्या वेळच्या दराने हिशोब चुकता करावा लागतो.

पहिल्याच सौद्यात समजा ऑगस्टअखेरीस खरेदीदाराने मागणी रद्द केली. निर्यातदाराने बँकेला ५५ रुपयांनी ५०,००० डॉलर देण्याचे कबूल केले आहे, आणि त्याच्याकडे एकही डॉलर येणार नाही. करार रद्द करताना बाजारात ६८ चा दर असेल तर प्रत्येक डॉलरमागे १३ रुपये, म्हणजे एकूण ६,५०,००० रुपये बँकेला रोख द्यावे लागतील. येथे मात्र न मिळालेल्या लाभाचा प्रश्न नाही; हा खराखुरा तोटा आहे, आणि तोही शिवलेला माल गोदामात पडून असताना. डॉलर स्वस्त झाला असता तर हाच फरक त्याच्या बाजूने आला असता. परंतु केवळ अपेक्षित मागणीच्या आधारे केलेल्या करारावरील निव्वळ लाभ, तो व्यवहार प्रत्यक्ष घडून पैसे येईपर्यंत बँका देत नाहीत. मुदत उलटून गेलेला करार निर्यातदाराने तसाच सोडून दिला, तर बँक काही दिवसांत तो आपण होऊन रद्द करते आणि तोटा खात्यातून वळता करून घेते. यास्तव मुदतीची तारीख दुकानाच्या दिनदर्शिकेवर ठळक लिहिलेली असावी.

पैसे थोडे पुढेमागे येतील अशी शक्यता असेल तर एका दिवसाऐवजी काही दिवसांच्या अवधीचा करार मिळतो. उदाहरणार्थ १ ते ३० सप्टेंबर यांपैकी कोणत्याही दिवशी डॉलर द्यावेत असे ठरविता येते. त्याची किंमत अशी, की बँक प्रीमियम १ सप्टेंबरपर्यंतचाच देते. पैसे ३० तारखेला आले तरी त्या महिन्याचा प्रीमियम मिळत नाही. खडवलीच्या उदाहरणात चार महिन्यांचाच प्रीमियम धरला आहे, तो याच कारणाने. पैसे त्याहूनही उशिरा येणार असतील तर जुना करार त्या दिवशीच्या दराने रद्द करून पुढच्या मुदतीचा नवा करावा लागतो. वाढलेल्या डॉलरच्या काळात याचा अर्थ असा, की फरकाची रक्कम आज भरायची आणि तिची भरपाई पुढे डॉलर आल्यावर व्हायची. हिशोबात दोन्ही जुळतात. पण मधल्या काळात रोख रकमेची ओढाताण होते.

किती डॉलर बांधावेत

म्हणून दर बांधण्याआधी किती बांधायचे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. जुन्या, वेळेवर पैसे देणाऱ्या ग्राहकाची लेखी मागणी हातात असेल तर तिचा मोठा भाग बांधता येतो. नव्या ग्राहकाची, तोंडी ठरलेली किंवा अजून पत उघडायची राहिलेली मागणी असेल तर हात आखडता घ्यावा. केवळ गतवर्षीच्या विक्रीवरून काढलेला अंदाज असेल तर त्याहून कमी.

खडवलीच्या निर्यातदाराने मे महिन्यात ५०,००० पैकी ३०,००० डॉलर ५५ च्या दराने बांधले आणि २०,००० मोकळे ठेवले असते, तर सप्टेंबरमध्ये ६७ च्या भावाने त्याला एकूण २९,९०,००० रुपये मिळाले असते. उलट डॉलर ४८ पर्यंत उतरला असता तरी २६,१०,००० रुपये हाती येऊन २५,५०,००० चा खर्च निघाला असता आणि ६०,००० उरले असते. काहीच बांधले नसते तर ४८ च्या भावाने २४,००,००० मिळून दीड लाखाची खोट आली असती. मागणी रद्द झाली असती तर भुर्दंडही ३०,००० डॉलरपुरताच. असा मधला मार्ग पुष्कळ अनुभवी निर्यातदार स्वीकारतात, आणि एकाच दिवशी सारे न बांधता जसजशा मागण्या पक्क्या होतील तसतसे थोडेथोडे बांधत जातात.

आणखी एक हिशोब बहुधा निसटतो. निर्यातदार रंग, यंत्राचे सुटे भाग किंवा कच्चा माल परदेशातून डॉलरमध्ये आणीत असेल, तर येणारे आणि जाणारे डॉलर परस्परांना आपोआप सांभाळतात. येणारे ५०,००० आणि जाणारे १५,००० असतील तर जोखीम ३५,००० डॉलरचीच आहे. तसेच माल पाठविण्यापूर्वी बँकेकडून डॉलरमध्येच कर्ज घेऊन त्याचे लगेच रुपये केले असतील, तर त्या डॉलरचा दर त्याच दिवशी बांधला गेला. पुढे येणाऱ्या डॉलरमधून ते कर्ज फिटणार आहे. अशा डॉलरवर पुन्हा फॉरवर्ड करार केला, तर एकच माल दोनदा विकल्यासारखे होते. कर्ज विभाग आणि विदेश विनिमय विभाग बँकेत वेगळे असतात. ही दुहेरी नोंद त्यांच्या ध्यानी येईलच असे नाही. ती निर्यातदाराच्या स्वतःच्या वहीत दिसली पाहिजे. प्रत्येक मागणीसमोर येणारे डॉलर, त्यांतून वजा होणारे डॉलर, बांधलेले डॉलर, दर आणि मुदत एवढे पाच रकाने त्यासाठी पुरतात.

करारासाठी बँक निर्यातदाराची पत पाहून एक मर्यादा ठरवून देते; पत नसेल तर काही रक्कम ठेव म्हणून मागते. सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार एक कोटी डॉलरपर्यंतच्या संरक्षणासाठी मूळ व्यवहाराची कागदपत्रे दाखविण्याची सक्ती राहिली नाही. परंतु मूळ व्यवहार खराच असला पाहिजे, ही अट कायम आहे. दराविषयीही सावध असावे. बँक सांगते तो दर आणि बँका आपसात व्यवहार करतात तो दर यांत अंतर असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने लहान ग्राहकांसाठी एफएक्स-रिटेल ही व्यवस्था सुरू केली. तिच्यामुळे बाजारातील हजर भाव ग्राहकाला स्वतः पाहता येतो. हजर भाव किती, प्रीमियम किती आणि बँकेचा वाटा किती, हे तीन आकडे वेगवेगळे विचारावेत. एकच बेरीज ऐकून घेणाऱ्यास आठ पैशांऐवजी तीस पैसे केव्हा गेले ते कळत नाही. ५०,००० डॉलरवर तीस पैसे म्हणजे १५,००० रुपये होतात.

फुकटच्या संरक्षणाची किंमत

दर बांधण्याच्या नावाखाली केवढा अनर्थ होऊ शकतो, याचा धडा भारतीय निर्यातदारांना २००७-०८ मध्ये मिळाला. मार्च २००७ अखेर डॉलर सुमारे ४३ रुपये ६० पैसे होता. मार्च २००८ अखेर तो ४० च्या आसपास उतरला. निर्यातदार हवालदिल झाले. दोन देशांतील व्याजाचा फरक फार नसल्याने फॉरवर्ड करारातील प्रीमियमही तुटपुंजा वाटत होता. अशा वेळी काही बँकांनी गुंतागुंतीचे करार पुढे केले. त्यांत बाजारापेक्षा अधिक दर मिळे आणि वेगळे शुल्कही लागत नसे. तिरुप्पूरसारख्या वस्त्रनिर्यातीच्या केंद्रांत असे करार अनेकांनी केले. त्यांतील काही तर स्विस फ्रँक किंवा येन अशा, निर्यातदाराच्या धंद्याशी संबंध नसलेल्या चलनांवर बेतलेले होते.

अशा कराराचा ढाचा साधारण पुढीलप्रमाणे असे. डॉलर ४० असताना निर्यातदाराला दरमहा १ लाख डॉलर ४१ च्या दराने विकता येतील. मात्र डॉलर ४१ च्या वर गेला तर त्याने १ लाखाऐवजी २ लाख डॉलर ४१ नेच द्यायचे. डॉलर उतरत होता तोवर दरमहा लाभ दिसत राहिला. निर्यातदाराने बँकेला जो वाढीव डॉलर घेण्याचा हक्क विकला होता, त्याचीच किंमत त्याला चांगल्या दराच्या रूपाने परत मिळत होती. म्हणून शुल्क नव्हते. पुढे जागतिक मंदी आली आणि मार्च २००९ अखेर डॉलर ५१ च्या जवळ पोहोचला. महिन्याला येणारे डॉलर १ लाखच, आणि देणे २ लाखांचे. उरलेले १ लाख डॉलर बाजारातून ५१ ने घेऊन ४१ ने देताना दरमहा १० लाख रुपयांची खोट. मंदीमुळे मागण्याही घटल्या होत्या, म्हणजे येणारे डॉलर १ लाखाहूनही कमी. अनेक प्रकरणे न्यायालयांत गेली. एप्रिल २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा व्यवहारांतील नियमभंगाबद्दल १९ बँकांना दंड केला.

संरक्षण आणि सट्टा यांतील सीमा या प्रकरणातून स्पष्ट दिसते. मुंबईत १८७५ मध्ये बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन होऊन कापसाचे वायदे सुरू झाले, तेव्हापासून ही सीमा व्यापाऱ्यांना परिचित आहे. गोदामात गाठी असणारा वायद्यात विकतो तो आपला माल सांभाळतो. गाठी नसताना विकणारा भावावर पैज लावतो. डॉलरचेही तसेच. बँकेने पुढे केलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी निर्यातदाराने तीन गोष्टी तपासाव्यात. दर प्रतिकूल गेल्यास द्यावयाच्या डॉलरची संख्या वाढते काय? अनुकूल वेळी संरक्षण संपुष्टात आणण्याचा हक्क बँकेला आहे काय? करारातील चलन आपल्या बिलावरील चलनाहून निराळे आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर होय असेल तर तो कागद दर बांधण्याचा राहिलेला नाही.

वरचा लाभ न सोडता खालचे संरक्षण हवे असेल तर साधा ऑप्शन करार मिळतो. त्यात ठरल्या दराने डॉलर विकण्याचा हक्क असतो, सक्ती नसते. मागणी रद्द झाली तरी वर काही द्यावे लागत नाही. मात्र त्याचे शुल्क आरंभीच रोख भरावे लागते, आणि ते परत येत नाही. नफ्याचे प्रमाण बारीक असलेल्या कापडाच्या धंद्यात हे शुल्क पुष्कळदा परवडत नाही. परंतु मागणी पक्की होण्याची खात्री नसताना, आणि डॉलरमधील भाव मात्र देऊन बसलो असताना, हा खर्च विचारात घेण्याजोगा असतो.

दर बांधल्याने चार-सहा महिन्यांचा नफा सुरक्षित होतो, त्यापलीकडचा नाही. डॉलर वर्षानुवर्षे उतरतच राहिला तर प्रत्येक नवा करार खालच्या दरानेच होईल, आणि तेव्हा मालाचा डॉलरमधील भाव वाढविणे किंवा खर्च घटविणे याला पर्याय राहत नाही. ते करण्यास लागणारी सवड मात्र बांधलेल्या दरामुळे मिळते. पुढच्या मागणीचा भाव खरेदीदाराला कळविताना निर्यातदाराने त्या दिवसाचा हजर भाव धरू नये. पैसे ज्या महिन्यात येणार त्या महिन्याचा फॉरवर्ड दर बँकेला विचारून घ्यावा, त्यावरून आपला ना-नफा-ना-तोटा दर पडताळावा आणि मगच डॉलरमधील आकडा लिहावा.